अनुभव : घराच्या आठवणीचं पहिलं कडवं

तापीकाठ: काल भाच्याला पुण्याच्या गाडीत बसवलं. हातात बिबड्यांचा डबा. मला माझं होस्टेल आठवलं. तेव्हा पहिल्यांदाच गाणं लिहायला बसलो आणि 'आठवणींच्या लाटा, डोळ्यांत पाणी' असलं दोन पानं लिहिलं. चालीत बसेना, वाचून माझं मलाच काही होईना. मग समोरचा डबा लिहिला :

बिबड्यांचा डबा रिता
तळाशी उरला चुरा
वास जाईल म्हणून
धुवत नाही मी पुरा

आणि धृपदाला आईचं फोनवरचं वाक्य :

कानबाईला ये घरी
फोनवर म्हणे आई
येतो म्हणतो मी तिला
तिकीट काढलं नाही

तुमचं पहिलं कसं जमलं?

रावेरची लेक: धुवत नाही पुरा 😢 माझ्याकडे लोणच्याची बरणी होती तशी.

भुसावळकर: सोप्पं आहे, ओळीत आठ अक्षरं मोजायची. लहान अभंगासारखं. चाल आपोआप बसते.

ढोलकीवाला: आपोआप नाही भाऊ. आठ अक्षरांनी ओळी सारख्या होतात, पण वजन कुठे पडतं ते म्हणूनच कळतं. केहरवा धरा, आठ मात्रा, मांडीवर थाप. 'कानबाई'तला 'का' पहिल्या थापेवर आला पाहिजे. 'वास जाईल म्हणून' म्हणताना शेवटचा 'न' ओढता येत नाही, 'णू' ओढावा लागतो. कडव्यात ते चालतं. धृपदात सगळे सूर धरतात, तिथे आई, नाही, घरी असे दीर्घ शेवट हवेत. तुमचे तसेच आलेत.

आक्का_धुळे: मुलांना रोज फोन करू नये, त्यानेच आठवण वाढते. माझ्या धाकट्याला आम्ही रविवारीच करायचो.

रावेरची लेक: आक्का, गाण्याचं चाललंय 🙂 मला सांगा, माझ्या कडव्यातच आई, शेत, केळीची बाग, शाळा सगळं आलंय, आणि धृपद आलं तरी काहीच वेगळं वाटत नाही.

ढोलकीवाला: कडव्यात एकच वस्तू ठेवा, बाकीच्या पुढच्या कडव्यांना. वर डबा दिसतो, पण 'आठवण' हा शब्दच नाही. धृपदात वस्तू नाही, बोलणं आहे. कडवं दर वेळी बदलतं, धृपद तेच राहतं, म्हणून त्यात सगळ्या कडव्यांनंतर खरं वाटेल असंच वाक्य लागतं.

आक्का_धुळे: बिबड्या लसणाच्या होत्या का? आमच्याकडे तीळही घालतात.

भुसावळकर: आई अहिराणी बोलत असेल तर 'कानबाईले घर ये' का नाही? अक्षरं आठच.

तापीकाठ: ती अगदी असंच म्हणाली होती. मीच 'घरी' केलं, पुण्याच्या पोरांना कळावं म्हणून. आत्ता थाप धरून म्हटलं. 'ये' लांबवता येतो, पण पुढे प्रमाण मराठी आली की जोड दिसतो.

ढोलकीवाला: दिसू द्या. ती बोलते तिची, तुम्ही तुमची.

तापीकाठ: बघतो. आक्का, लसूण होता, तीळही.