नोकरी सोडताना शेअरांचं काय झालं? अनुभव सांगा

विश्रामबागकर

माझ्या बहिणीच्या मुलाला दोन ठिकाणी नोकरी मिळतेय. एक पुण्यातली जुनी कंपनी, महिना एक लाख. दुसरी आपल्या सांगलीतच, बेदाण्याच्या शेडमधली आर्द्रता मोजणारी उपकरणं बनवणारी. तिथं पगार पासष्ट हजार आणि वर कंपनीचा 'एक टक्का', चार वर्षांत मिळणार. पोराचं मन सांगलीकडं ओढतंय आणि मलाही ते मनापासून आवडेल. पण हा टक्का प्रत्यक्ष हातात येतो कसा, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. ज्यांनी कमी पगारावर असे शेअर घेतले आणि पुढं कंपनी सोडली, त्यांनी सोडण्याच्या वेळी काय घडलं ते मोकळेपणानं लिहावं.

मिरजकर

ताई, सोडण्याच्या वेळचंच सांगतो, कारण आत शिरताना त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मी हॉस्पिटलांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. पगार पासष्ट हजारच. चार वर्षांत हजार ऑप्शन मिळायचे होते, पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच नाही. घरच्या अडचणीमुळं 2024 च्या डिसेंबरअखेर नोकरी सोडली, तेव्हा पाचशे माझ्या हक्काचे झाले होते. पण ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या भावात शेअर विकत घेण्याचा हक्क. माझा भाव होता दहा रुपये. म्हणजे पाच हजार भरले की झालं, असं मला वाटत होतं.

एचआरकडून मेल आला: नव्वद दिवसांत घ्या, नाहीतर हक्क संपला. सोबत मर्चंट बँकरचा मूल्यांकन अहवाल, त्यात शेअरचा भाव 2,200 रुपये. प्राप्तिकर खात्याच्या हिशेबानं मधले 2,190 रुपये हा माझा पगारच. पाचशे शेअरवर ते 10 लाख 95 हजार होतात. जानेवारीपासून पुण्याच्या नोकरीत महिना लाख मिळत होते. वर्षाचा सगळा पगार धरून नव्या करप्रणालीत हिशेब केला, तर नुसत्या या शेअरांपायी जवळपास दोन लाख चाळीस हजारांचा जादा कर येत होता. तोही रोख, आणि कंपनीकडं आधी भरल्याशिवाय शेअर नाहीत. एक रुपया हातात न येता!

विकून कर भरावा म्हटलं तर घेणारा कोण? कंपनी खासगी, संचालक मंडळाच्या संमतीशिवाय शेअर दुसऱ्याच्या नावावर होत नाही. शेवटी मार्चच्या मध्यावर दोनशे घेतले, साठेक हजार कर भरला. तीनशे सोडून दिले, ते कंपनीकडं परत गेले. दोनशे आजही डीमॅट खात्यात पडून आहेत. कंपनी चालू आहे, काम चांगलं करते. माझ्या शेअरांचं पुढं काय होणार ते मला सांगता येत नाही.

साताऱ्याचा पाहुणा

पण स्टार्टअपच्या शेअरांवरचा कर सरकारनं माफ केलाय ना? 2020 च्या बजेटमध्ये आलं होतं. तुमच्या एचआरनं चुकीचं सांगितलं असणार, दादा.

कराडची सीए

माफ नाही, पुढं ढकलला. आणि तोही सगळ्यांचा नाही. स्टार्टअप म्हणून सरकारी नोंदणी झाली एवढ्यानं भागत नाही. 80-आयएसी कलमाखालचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते थोड्याच कंपन्यांकडं असतं. ते असलं तरी ढकललेला कर तीन गोष्टींपैकी जी आधी घडेल तेव्हा भरावा लागतो: ठरलेली मुदत संपली, शेअर विकले किंवा नोकरी सोडली. मिरजकर नोकरी सोडूनच शेअर घेत होते, म्हणजे सवलत असती तरी त्यांना उपयोग नव्हता.

त्यांना आणखी एक सांगायला हवं होतं. उद्या कंपनी बुडाली तर भरलेला हा कर परत मिळत नाही. शेअरांतला तोटा भांडवली तोटा धरतात आणि तो पगारातून वजा होत नाही. माझ्याकडं आलेल्या बऱ्याच मुलांना हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण नोकरी धरण्याआधी योजनेचा कागद वाचला असता तर त्यांनी मुदतीबद्दल बोलून घेतलं असतं. ही नव्वद दिवसांची मुदत कायद्यानं ठरवलेली नाही. ती कंपनीच्या योजनेत लिहिलेली असते आणि जास्तही ठेवता येते.

गणपती पेठ

माझ्या काकांनी हळदीच्या अडतीत चार आणे भागीदारी घेतली होती, पगार न घेता. दुकान आजही उत्तम चाललंय. दरवर्षी दिवाळीला हिशेब होतो आणि नफा वाटून घेतात. माणसं ओळखीची असतील तर मुलानं बिनधास्त भागीदारी घ्यावी.

कराडची सीए

काका, अडतीत नफा दरवर्षी वाटला जातो. इथं तसं काही नाही, अशा कंपन्या वर्षानुवर्षं नफा वाटत नाहीत. कंपनी विकली गेली, शेअर बाजारात आली किंवा कुणी शेअर विकत घेतले तरच पैसे. पण तुमच्यामुळं एक मुद्दा आठवला. ताई, ती सांगलीची संस्था प्रायव्हेट लिमिटेडच आहे ना, हे आधी बघा. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी असेल तर तिच्यात शेअरच नसतात, मग शेअरचे ऑप्शन कसले? नाव केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लगेच सापडेल.

तासगावची सून

मी पगार निवडला. आमच्या घरात सासरे आणि नवरा द्राक्षबागेत. एका अवकाळी पावसात वर्षाचं पीक जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घरातली एक कमाई आधीच आभाळावर असताना दुसरीही तशीच ठेवायला माझं मन धजेना. पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याला येतो.

माझ्या भावानं तेव्हा वहीवर साधा हिशेब मांडला होता, तुमच्याच आकड्यांवर करून देते. पगारातला फरक महिना पस्तीस हजार, चार वर्षांत 16 लाख 80 हजार. एक टक्क्यातून तेवढेच यायचे तर कंपनी विकताना तिची किंमत 16 कोटी 80 लाख हवी. तेही मधे नवे गुंतवणूकदार येऊन त्याचा टक्का घटला नाही तर. दोनदा कंपनीचा वीस-वीस टक्के हिस्सा नवे शेअर काढून गुंतवणूकदारांना दिला गेला की एकाचा 0.64 उरतो आणि तीच किंमत सव्वासव्वीस कोटींवर जाते. कर वेगळाच.

कुपवाड एमआयडीसी

मी पलीकडच्या बाजूनं बोलतो, माझी छोटी कंपनी आहे. वहिनींचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट राहिली: गुंतवणूकदारांचे शेअर बहुतेक वेळा प्रेफरन्सचे असतात. कंपनी विकली की आधी त्यांची रक्कम निघते, उरलेल्यात बाकीचे. समजा पाच कोटी गुंतलेत आणि कंपनी सहा कोटींना गेली, तर बाकी सगळ्यांना मिळून एक कोटी. टक्का तिथं फसवतो.

आम्ही योजनेत मुदत पाच वर्षांची लिहिली. वकिलानं नव्वद दिवसांचा तयार मसुदाच दिला होता, तो बदलून घेतला. जी पोरं पुण्याला न जाता इथं राबली, त्यांनी सोडताना कर्ज काढून कर भरावा हे मला पटत नव्हतं. पण माझ्या भागीदाराचं म्हणणं वेगळं: सोडून गेलेल्यांचे ऑप्शन वर्षानुवर्षं अडकून राहिले तर नव्या माणसांना द्यायचे कुठून? त्यावर आमचं अजून एकमत नाही.

विश्रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याचं पत्र काल पुन्हा वाचलं. त्यात 'एक टक्का समभाग' एवढंच आहे. किती ऑप्शन, एकूण किती शेअरांपैकी, कुठल्या भावात, सोडल्यावर किती दिवस, यातलं काहीच नाही. कंपनी मात्र प्रायव्हेट लिमिटेड निघाली. भाचा सोमवारी मालकांना भेटून योजनेची प्रत मागणार आहे. सीएताई, योजना भागधारकांच्या सभेत मंजूरच झालेली नसेल आणि ते 'नंतर करू' म्हणाले, तर पत्रातल्या त्या एका ओळीला काही किंमत उरते का?

कराडची सीए

मंजुरी मिळून ऑप्शन दिल्याचं रीतसर पत्र, म्हणजे ग्रँट लेटर, येईपर्यंत ते आश्वासनच. आणि ग्रँटपासून किमान एक वर्ष गेल्याशिवाय काहीच हक्काचं होत नाही, म्हणजे 'नंतर' जितकं लांबेल तितकं त्याचं घड्याळ उशिरा सुरू होईल. रुजू होण्याच्या तारखेपासून वर्षं मोजून देतील का, हे सोमवारी विचारायला सांगा. काही कंपन्या पहिल्या वर्षानंतरचे हप्ते तसे जुळवून देतात.