‘उलटी पृष्ठसारणी’ म्हणावे की आणखी काही?

पाटचारी (धुळे):
तंत्रनिकेतनातल्या मुलांसाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या टिपणांचे मराठी करण्याचे काम मी सध्या हाती घेतले आहे. पेज टेबलला ‘पृष्ठसारणी’ आणि मल्टिलेव्हलला ‘बहुस्तरीय’ इथपर्यंत गाडी सुरळीत आली. परंतु इन्व्हर्टेड पेज टेबलसाठी मी ‘उलटी पृष्ठसारणी’ असे लिहिले, तेव्हा टिपणे तपासणाऱ्या सहकारी बाईंनी समासात ‘वर्गात हशा पिकेल’ एवढाच शेरा मारून कागद परत पाठवला. आक्षेप रास्त आहे. मात्र त्यांनी सुचवलेला ‘व्यस्त’ मला पटत नाही, कारण मुले त्याचा अर्थ ‘कामात गुंतलेली’ असाच घेणार. ‘उफराटी’ हा शब्द आमच्याकडे घरोघरी चालतो. तो छापील टिपणांत शोभेल का, हे जाणकारांनी सांगावे.

शुद्धाक्षर (नंदुरबार):
‘व्यस्त प्रमाण’ शाळेत शिकवले जाते आणि तिथे कोणीही त्याचा अर्थ ‘कामात गुंतलेले प्रमाण’ असा घेत नाही. मुलांना शब्द कळणार नाही म्हणून शब्दच बदलायचा, ही सवय आपल्याला कुठे नेणार आहे? ‘उफराटी’ हा बोलीत गोड लागणारा शब्द आहे, पण त्याला वाकडेपणाचा, विचित्रपणाचा वास आहे. माझे मत ‘व्यस्त पृष्ठसारणी’ला.

खिळाजुळारी (भुसावळ):
मी पूर्वी छापखान्यात होतो, म्हणून अनुभवाचे सांगतो. पुस्तकाच्या आरंभी अनुक्रमणिका असते आणि शेवटी सूची असते. पहिलीत पानावरून विषय कळतो, दुसरीत विषयावरून पान. तुम्ही जिला उलटी म्हणता ती ही शेवटची सूचीच असणार. एका ग्रंथाची सूची जुळवताना ऐनवेळी चार पाने वाढली आणि सगळे आकडे पुन्हा बसवावे लागले, ते दुखणे मी अजून विसरलेलो नाही. ‘सूची’ हा शब्द तयार असताना नवा घडवण्याची गरज काय?

गिरणाथडी (चाळीसगाव):
नाना, इथले पान छापील पुस्तकाचे नसून संगणकाच्या स्मृतीचे आहे. प्रत्येक प्रोसेसला वाटते की अख्खी स्मृती आपलीच आहे. तिचे पत्ते आभासी असतात, आणि त्यांतले कोणते पान खऱ्या रॅमच्या कोणत्या फ्रेममध्ये बसले आहे, हे सांगणारा तक्ता म्हणजे पेज टेबल. पाटचारी सर, नाव ठरवण्याआधी उलटले काय आहे ते पाहू या, म्हणजे निम्मा वाद आपोआप मिटेल.

सर्वांत साधा तक्ता सपाट असतो. पान क्रमांक ५०० ची नोंद हवी असेल तर थेट ५००व्या ओळीवर जायचे, शोधाशोध नाही. ओळीचे स्थान हाच पानाचा क्रमांक असल्यामुळे मधली एकही ओळ गाळता येत नाही, मग ती पाने वापरात असोत वा नसोत. बत्तीस बिटांच्या काळात हे खपून जात होते: ४ केबीचे पान धरले तर दहा लाखांच्या आसपास ओळी आणि प्रत्येकीला ४ बाइट, म्हणजे दर प्रोसेसमागे ४ एमबी. चौसष्ट बिटांत मात्र पत्त्याचे शेवटचे १२ बिट पानाच्या आतली जागा सांगण्यात गेले, तरी ५२ बिट पानाच्या क्रमांकासाठी उरतात. २ चा ५२वा घात इतक्या ओळी, प्रत्येकीला ८ बाइट, यांचा गुणाकार ३ कोटी ३५ लाख जीबींच्या वर जातो. हा एका प्रोसेसचा तक्ता झाला, आणि तो ठेवायचा आहे १६ जीबीच्या लॅपटॉपमध्ये.

केळीबाग (रावेर):
सर, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रत्यक्षात प्रोसेसर ६४ पैकी ४८च बिट वापरतात, असे आम्हाला शिकवले आहे. मग तो आकडा इतका भयंकर राहत नाही. शिवाय तक्त्याचे चार थर केले की तो लहान होतो, म्हणजे ‘बहुस्तरीय’ शब्दात सगळे आलेच.

गिरणाथडी (चाळीसगाव):
४८ बिटांचे खरे आहे, निदान रोजच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांपुरते. नव्यांपैकी काहींत पाचवा थर घालून ५७ बिटही वापरता येतात. पण ४८ धरले तरी सपाट तक्ता ५१२ जीबीचा होतो, तोही दर प्रोसेसमागे, त्यामुळे अडचण तशीच राहते.

दुसऱ्या विधानाशी मात्र मी सहमत नाही. थर केल्याने तक्ता लहान होत नाही. सगळी पाने खरोखरच वापरात असतील तर चार थरांचा तक्ता सपाट तक्त्यापेक्षा मोठा होईल: खालच्या थराचे ५१२ जीबी तसेच राहतील आणि वरच्या थरांचे सुमारे १ जीबी त्यावर चढेल. बचत होते ती रिकाम्या जागेमुळे. एक पत्ता फोडून पाहा:

```
0x7ffff7dd5abc
255 | 511 | 446 | 469 | 2748
```

पहिले चार आकडे नऊ-नऊ बिटांचे आहेत. नऊ बिटांत ५१२ नोंदी, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे कोणत्याही थराचा एक तक्ता बरोबर ४ केबीच्या एका पानात मावतो. ही संख्या उगीच निवडलेली नाही. CR3 नावाच्या रजिस्टरमध्ये सर्वांत वरच्या तक्त्याचा पत्ता असतो. त्याची २५५वी नोंद दुसऱ्या थराचा तक्ता दाखवते, त्यातली ५११वी तिसऱ्याचा, त्यातली ४४६वी चौथ्याचा, आणि चौथ्यातल्या ४६९व्या नोंदीत फ्रेमचा क्रमांक मिळतो. त्या फ्रेमच्या आरंभापासून २७४८ बाइट पुढे आपली जागा.

आता सर्वांत वरच्या तक्त्यातली २००वी नोंद रिकामी आहे असे समजा. तिच्याखाली येऊ शकणारी ५१२ जीबी पत्त्यांची संपूर्ण शाखा एका ‘नाही’मध्ये संपली, तिच्यासाठी खालचा एकही तक्ता बांधावा लागला नाही. सामान्य प्रोसेसमध्ये प्रोग्रॅम आणि हीप एका टोकाला, स्टॅक आणि लायब्रऱ्या दुसऱ्या टोकाला, आणि मधे अफाट ओसाडी असते. सलग १ जीबी वापरले, तर त्यासाठी खालच्या थराचे ५१२ तक्ते म्हणजे २ एमबी लागतात, आणि वरचे मोजके. ही किंमत परवडते. तिच्या मोबदल्यात एक पत्ता शोधायला स्मृतीत चार वेळा जावे लागते, म्हणून तर अलीकडे सापडलेल्या उत्तरांची टाचणे टीएलबीत ठेवतात.

जुनासातबारा (शहादा):
मला संगणकातले फारसे कळत नाही. तलाठी म्हणून नोकरी केली. पण हे वाचून आठ-अ आणि सातबारा आठवला. आठ-अ खातेदाराच्या नावाने असतो, त्यात त्याच्या सगळ्या गटांची यादी मिळते. सातबारा गटाच्या नावाने असतो, त्यात ती जमीन कोणाकडे आहे ते मिळते. तुमची उलटी सारणी म्हणजे सातबारा का?

गिरणाथडी (चाळीसगाव):
आप्पा, नेमके तेच. उलट्या तक्त्यात ओळ आभासी पानाची नसते, खऱ्या फ्रेमची असते. त्या ओळीत ‘इथे अमुक प्रोसेसचे अमुक पान बसले आहे’ एवढेच लिहिलेले असते. गावात जितके गट तितकेच सातबारे, खातेदार कितीही येवोत. १६ जीबी रॅममध्ये ४ केबीच्या सुमारे ४२ लाख फ्रेम होतात. दर ओळीला १६ बाइट धरले तर सगळा तक्ता ६४ एमबीचा, मग पत्ता ४८ बिटांचा असो वा ६४ बिटांचा, आणि प्रोसेस दहा असोत वा हजार.

अडचण अशी की विचारणा खातेदाराच्या नावाने येते. ‘अमुक प्रोसेसचे अमुक पान कुठे आहे?’ याचे उत्तर गटवार दप्तरात शोधायचे तर सगळे चाळावे लागेल, आणि तेही प्रत्येक वेळी. म्हणून प्रोसेस व पान क्रमांकाचे हॅश काढून एका ठिकाणी उडी मारतात, तिथली ओळ जुळते का पाहतात, नाही जुळली तर साखळीतली पुढची. आयबीएमच्या सिस्टिम/३८ने आणि एचपीच्या पीए-रिस्कने हा मार्ग धरला होता. पॉवरपीसीचा हॅश तक्ताही याच कुळातला, जरी त्यात ओळ आणि फ्रेम यांचे एकास एक नाते नसते.

तुमची तुलना एका जागी तुटते. सातबाऱ्यावर चार भावांची नावे लागू शकतात. निव्वळ उलट्या तक्त्याच्या ओळीत एकच नाव मावते. दोन प्रोसेस एकच लायब्ररी एकाच फ्रेममधून वाचत असतील, तर एकीचे नाव लागले की दुसरीला पान सापडत नाही, पेज फॉल्ट होतो आणि मग नाव बदलावे लागते. शिवाय डिस्कवर गेलेल्या पानाला फ्रेमच नसते, म्हणून त्याची नोंद या तक्त्यात कुठेच नसते. ती वेगळी ठेवावीच लागते.

शुद्धाक्षर (नंदुरबार):
मग ‘व्यस्त’ मी मागे घेतो असे नाही, परंतु ‘चौकटवार सारणी’ अधिक अर्थवाही ठरेल. फ्रेम म्हणजे चौकट, आणि ओळ चौकटीची.

पाटचारी (धुळे):
अर्थवाही आहे, पण परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ‘इन्व्हर्टेड’ येणार. ‘चौकटवार’ वाचून मुलाने ती खूणगाठ कशी बांधावी?

खिळाजुळारी (भुसावळ):
तर मग ‘इन्व्हर्टेड’ देवनागरीत लिहा आणि मोकळे व्हा. सूचीचा माझा आग्रह कायम आहे.

केळीबाग (रावेर):
मी लिनक्सवर एक छोटा प्रोग्रॅम लिहून पाहिला. १ जीबी मागून घेतली पण तिला हात लावला नाही, तेव्हा तक्त्याचा आकडा हललाच नाही. प्रत्येक पानावर एक-एक बाइट लिहिल्यावर तो सुमारे २ एमबीने वाढला.

```
grep VmPTE /proc/$(pidof jaga)/status
```

मग ह्यूज पेज बंद ठेवून दर २ एमबीला एकच बाइट लिहिला. पाने वापरली ५१२, म्हणजे माहिती २ एमबीची, आणि तक्ताही जवळपास तेवढाच. माहितीइतकाच तिचा हिशेब कसा?

गिरणाथडी (चाळीसगाव):
खालच्या थराचा एक तक्ता बरोबर २ एमबी पत्त्यांचा भार घेतो. तुम्ही प्रत्येक तक्त्यातली एकच नोंद वापरली आणि ५११ रिकाम्या सोडल्या, म्हणून ४ केबीच्या पानामागे ४ केबीचा तक्ता पडला. बहुस्तरीय तक्त्याला मोठी ओसाडी सोसते, विखुरलेली वस्ती सोसत नाही. उलट्या तक्त्यात याच ५१२ पानांना ५१२च ओळी लागल्या असत्या, मग ती जवळजवळ असोत की पत्त्यांच्या दोन टोकांना. आयबीएमने २०१७च्या पॉवर ९मध्ये हॅश तक्ता ठेवून शेजारी थरांचा तक्ताही दिला आणि निवड ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडली. तिथले लिनक्स, हायपरव्हायझरची आडकाठी नसेल तर, थरांचाच तक्ता घेते.