शब्दचर्चा: 'कामात आहे', 'कामात असते' आणि 'फोन करत जाऊ नकोस'

रोखपाल
मी एका पतसंस्थेत कॅशच्या खिडकीवर बसते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली माझी शाळेपासूनची मैत्रीण रोज अकराच्या सुमारास फोन करते. मुलं शाळेत गेलेली असतात, घरात दुसरं कोणी नसतं, तिचा बोलायचा वेळ तोच. माझ्याकडे त्याच वेळी रांग असते. परवा गड्डी हाताने मोजत होते, त्रेसष्टाव्या नोटेला ड्रॉवरमध्ये फोन थरथरायला लागला आणि आकडा डोक्यातून गेला. पुन्हा एकपासून. रांगेतले आजोबा काही बोलले नाहीत, पण मलाच अवघडल्यासारखं झालं.

तीन वेळा तिला मेसेज केला: 'अगं, कामात आहे.' दर वेळी तिचं उत्तर: 'बरं, अर्ध्या तासाने करते.' आणि खरंच करते. तिला दुखवायचं नाही, तिचा फोन मला हवाही असतो, पण त्या वेळात नको. हे नीट सांगणारं मराठी वाक्य कोणतं? 'कृपया कामाच्या वेळेत फोन करू नये' लिहिलं आणि पुसलं. भिंतीवरची पाटी वाटली.

व्याकरणवेडा
तुमची मैत्रीण तुमचं वाक्य बरोबर वाचते आहे. 'कामात आहे' म्हणजे या क्षणी. ते ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो, 'मग मोकळी कधी होशील?' म्हणून अर्धा तास. तुम्हाला सांगायचंय ते रोजचं आहे आणि त्याला मराठीत वेगळं रूप आहे: 'कामात असते'. 'दहा ते पाच मी खिडकीवर असते' म्हटलं की अर्ध्या तासाला जागाच राहत नाही.

नकाराचंही तसंच. 'फोन करू नकोस' हे एका फोनबद्दल असू शकतं, आणि जवळच्या माणसाला ते 'आता मला फोनच करू नकोस' असंही ऐकू येतं. 'फोन करत जाऊ नकोस' यात सवयीबद्दल बोलणं आहे. 'जा' घातल्याने नकार एका कृतीवरून नेमावर जातो. त्याचीच दुसरी बाजू 'करत जा'. 'संध्याकाळी करत जा' म्हटलं की बंद केलेल्या दाराशेजारी उघडं दारही दिसतं.

साधीसोपी
मला वाटतं एवढं सगळं नको. 'मला फोन उचलता येत नाही' पुरे. यात तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही. 'उचलत नाही' म्हटलं तर तुम्ही मुद्दाम टाळताय असं होतं, 'येत नाही'त परिस्थिती आड येते. शिवाय सुरुवातीला 'शक्यतो' घाला, म्हणजे बोचणार नाही.

व्याकरणवेडा
'उचलता येत नाही'बद्दल अगदी बरोबर. मात्र चुकून 'उचलवत नाही' लिहू नका, ते दुःखात किंवा आजारात असल्यासारखं होईल. पण हे एकच वाक्य पुरणार नाही, कारण त्यात अडचण सांगितली आहे, मागणं नाही. मायेची मैत्रीण म्हणेल, 'नाही उचललास तरी चालेल, मी समजून घेईन.' आणि फोन ड्रॉवरमध्ये वाजतच राहील. 'शक्यतो'चं म्हणाल तर मला ते इथे नको वाटतं. त्यात 'जमेल तितकं' आहे. तिला एकदा नाही जमलं तर ती चुकली असंही म्हणता येणार नाही.

लेक
माझंही असंच आहे हो. आई दुपारी दोनला फोन करते, मी मीटिंगमध्ये असते. नाही घेतला तर बाबांना सांगते, पोरगी बोलत नाही. फोन सायलेंटवर टाकून पाहिला, तर एकोणीस मिस्ड कॉल आणि मग शेजारच्या काकूंचा फोन, 'सगळं ठीक ना?' आईला 'करत जाऊ नकोस' म्हणायला जीभ रेटत नाही. कोणी सांगेल का काय म्हणावं?

नागपूरकर
ताई, आईचा मामला वेगळा, तिथे नकार काढूनच टाका. 'आई, मी रोज रात्री नऊला करते, वाट पाहत जा' एवढंच. वेळ ठरलेली असली की माणूस मधे करत नाही, माझा अनुभव आहे.
मूळ प्रश्नाबद्दल: आमच्याकडे 'नको करत जाऊ फोन' म्हणतात, शेवटचा 'स' नाही. 'नको' पुढे आणि लाडात म्हटलं की कोणाला काही लागत नाही. 'करत जाऊ नकोस' मला थोडं मास्तरासारखं वाटते.

रोखपाल
'नको करत जाऊस' असं माझ्या तोंडी येतं खरं. बोलताना तेच म्हणेन. लिहिताना मात्र ते कुरकुर केल्यासारखं दिसतं का?

लेखांचा वाचक
आजकाल 'मर्यादा आखणे' हा शब्द रूढ झालाय. स्पष्ट लिहा: 'मला कामाच्या वेळेपुरत्या काही मर्यादा आखायच्या आहेत.' प्रामाणिक आहे, आडपडदा नाही.

व्याकरणवेडा
लेखात चालेल. मैत्रिणीला लिहू नका. बोलण्यात 'मर्यादा' आली की ती बहुतेक ओलांडलेली असते: 'मर्यादा सोडलीस', 'मर्यादेत राहा'. तिला वाटेल, आपण काय एवढं केलं? मराठीत हेच काम 'तेवढं' करतं. 'दहा ते पाच तेवढं सोड.' मागणं लहान आहे आणि त्याची कड ठरलेली आहे, दोन्ही एका शब्दात. 'फोन नकोय' मात्र टाळा. 'नको' वेळेला लागलं पाहिजे, फोनला नाही.

साधीसोपी
'तेवढं' पटलं. 'शक्यतो' अजून सोडवत नाही, पण त्यांना मजकूर स्पष्ट हवाय म्हणून गप्प बसते. एक विचारते, सुरुवात 'राग मानू नकोस'ने करावी का?

लेक
नाही! तसं कोणी म्हटलं की मी आधीच रागवायला तयार होते.

नागपूरकर
मला उलट वाटते. न म्हणता एकदम मुद्द्यावर आलं की तुटक वाटते.

रोखपाल
हे पाठवलं, 'राग मानू नकोस' न घालता:

'अगं, तुझा फोन आला की बोलावंसं वाटतं आणि बोलता येत नाही, म्हणून सांगते. दहा ते पाच मी खिडकीवर असते, पैसे मोजताना फोन घेता येत नाही. तेवढ्या वेळात करत जाऊ नकोस. साडेसहाला बसमधून उतरले की मीच करते, तेव्हा सगळं सांग. अगदीच निकड असली तर मेसेज टाक, जेवणाच्या सुट्टीत बघते.'

'मी करीन' लिहिलं होतं, ते 'मीच करते' केलं. 'करीन'वर ती आधीही पुष्कळदा वाट बघत बसली आहे.

व्याकरणवेडा
तो बदल फार चांगला केलात. 'करीन' लांबच्या दिवसावरही ढकलता येतं, 'साडेसहाला करते'ला त्याच दिवशी जाब द्यावा लागतो. आता मात्र पहिले काही दिवस साडेसहा चुकवू नका, नाहीतर अकराचा फोन परत येईल आणि तेव्हा तिचं चुकणार नाही.

रोखपाल
तिचं उत्तर आलं: 'आधी का नाही बोललीस गं? मला वाटायचं तू मधे मोकळी असशील. साडेसहाला मी कणीक मळते, स्पीकरवर ठेवीन.'
काल साडेसहाला केला. दोन रिंगमध्ये उचलला.

लेक
माझ्या आईचं राहिलंच. 'वाट पाहत जा' म्हटलं, तर म्हणाली, 'तीच तर बघते दिवसभर.' आता काय म्हणू?