माई-आप्पांच्या पन्नाशीचा अल्बम: फोटो कुठले घ्यायचे?

मुग्धा: सगळ्यांना नमस्कार, या ग्रुपमध्ये माई आणि आप्पा नाहीयेत, तेव्हा चुकून मोठ्या फॅमिली ग्रुपवर काही टाकू नका प्लीज. मे महिन्यात त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. अल्बम ४० पानांचा ठरलाय आणि दादाने कपाटातून काढलेल्या फोटोंचा ढीग बघता आपल्याला घ्यायचं काय यापेक्षा गाळायचं काय हे ठरवावं लागणारे.

सचिनदादा: मी पहिला गठ्ठा फोनवर काढून टाकतोय बघा. १९७६ लग्न, मग बारसं, मुंज, सुमनआत्याचं लग्न, नव्या घराची वास्तुशांत, असं क्रमाने लावूया म्हणजे झालं.

प्राजक्ता वहिनी: आणि प्रत्येक वर्षाचा एकेक फोटो घेतला तर ५० फोटो होतात, ४० पानांत बसतील 🙂

मुग्धा: वहिनी, वर्षाला एक हा हिशोब बरोबर वाटतो पण त्यात गडबड होते. मी लॅबमध्ये लोकांचे असे अल्बम रोज बघते, ते शेवटी समारंभांचा अल्बम होतात. कारण कॅमेरा बाहेर निघायचा तोच मुळी समारंभाला. आता दादाने टाकलेले बघ, मुंजीचे अकरा फोटो आणि ११ पैकी ९ मध्ये माई-आप्पा पाटावर बसून समोर बघतायत, एकमेकांशी काहीच चाललेलं नाहीये त्यात. मग त्यांचा संसार कुठे दिसला? मी फोटो निवडताना एकच बघते, या फोटोत या दोघांचं एकमेकांत काय चाललंय. छान कोण दिसतंय हे नंतर.

सुमनआत्या: बाळा मुग्धा, बरोबर बोललीस. त्यांचा खरा संसार तर एसटीत झाला. आप्पा मिरज डेपोत आणि माझी वहिनी, म्हणजे तुमची माई, तिकडे मलकापूरच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेवर. शनिवारी शाळा सुटली की वहिनी कोल्हापुरावरून मिरजेला यायची नाहीतर आप्पा ड्युटी संपवून तिकडे जायचे, कितीतरी वर्षं असंच. त्याचा एक तरी फोटो आहे का बघा.

सचिनदादा: नाहीये आत्या. सगळं शोधलं. त्या वर्षांचे फक्त गणपतीचे आहेत.

मुग्धा: दादा, आप्पांचा तो जुना चौकोनी कॅमेरा आठवतो का, अॅग्फाचा क्लिक थ्री? त्याच्यात १२० चा रोल बसायचा आणि एका रोलमध्ये फक्त १२ फोटो यायचे. रोल महाग, धुवायचं वेगळं, प्रिंट वेगळी, त्यामुळे लोक १२ मधल्या ज्या बऱ्या आल्यात तेवढ्याच प्रिंट करून घ्यायचे. म्हणजे आपल्याकडे प्रिंट नाही म्हणून फोटो काढलाच नव्हता असं नसतं. निगेटिव्ह शोध. बटर पेपरच्या पाकिटात तीन-तीन, चार-चारच्या पट्ट्या असतील, बहुतेक आप्पांच्या जुन्या ट्रंकेत डेपोच्या कागदांबरोबर.

सचिनदादा: आहेत!! सात पाकिटं. एकावर स्टुडिओवाल्याने बॉलपेनने ७९ लिहिलंय. पण काळं-पांढरं उलटं दिसतंय, काय कळणार त्यात

मुग्धा: कळतं. लॅपटॉपवर पूर्ण पांढरी स्क्रीन लाव, पट्टी स्क्रीनवर टेकवू नको, इंचभर वर धर नाहीतर स्क्रीनचे ठिपके उमटतात. कडांना धर, मधे बोट लावू नको. फोनने फोटो काढ आणि एखाद्या एडिटिंग अॅपमध्ये रंग उलटे कर. हे फक्त बघण्यापुरतं, छपाईचं स्कॅन मी इथे मशीनवर करेन. आणि महत्त्वाचं म्हणजे पट्ट्या एकमेकांत मिसळू नकोस, ज्या पाकिटातल्या त्याच पाकिटात, कारण पट्टीच्या काठाला बारीक आकडे असतात आणि ते नसले तरी एका पट्टीवरचे फोटो कुठल्या क्रमाने काढले ते तसंच राहतं. सुट्ट्या प्रिंटमध्ये हे कधीच समजत नाही.

अमोल: मुग्धाताई, बाबांनी मला पाठवले ते मी उलटे करून बघितले. ७९ च्या पाकिटातली एक पट्टी भारी आहे. आधी स्टँडवर उभी एसटी, मग आजी पिशवी घेऊन बसच्या दाराशी हसतेय, आणि त्याच्यापुढचा आजोबांचा आहे पण एकदम धूसर आणि वाकडा, डोक्याचा वरचा भाग कापलाय. तो बाद ना?

मुग्धा: अमोल थांब, तोच तर हवाय! नीट विचार कर. कॅमेरा आप्पांचा, त्यामुळे आपल्याकडच्या सगळ्या घरगुती फोटोंत माई आहे, मुलं आहेत आणि आप्पा नाहीतच. लोकांना वाटतं वडील कामावर असतील, ते कॅमेऱ्यामागे असतात. या पट्टीत आधी आप्पांनी माईचा काढला आणि लगेच पुढचा आप्पांचा, म्हणजे कॅमेरा माईच्या हातात गेला. धूसर का आला तेही सांगते, क्लिक थ्रीला फोकस फिरवता येत नव्हता, आठ-दहा फुटांच्या आत माणूस आला की तो धूसरच येणार. आप्पांना ते माहीत होतं म्हणून ते लांब उभे राहून काढायचे. माई जवळ जाऊन उभी राहिली. हा आख्ख्या ढिगातला एकमेव फोटो असेल की ज्यात आप्पा माईला कसे दिसायचे ते आहे.

सुमनआत्या: डोळ्यात पाणी आलं गं. मलकापूरचाच स्टँड असणार तो.

प्राजक्ता वहिनी: पण धूसर फोटो मोठा केला तर अजून वाईट दिसेल ना?

मुग्धा: मोठा करायचाच नाही. निगेटिव्ह जेवढी आहे तेवढाच, साधारण ६ बाय ६ सेंटिमीटर, एका कोऱ्या पानाच्या मधोमध. आणि समोरच्या पानावर माईचा हसरा त्याच मापात. अॅपमध्ये टाकून शार्प वगैरे करू नका, चेहरा प्लॅस्टिकचा होतो आणि मग ते आप्पा राहत नाहीत.

सचिनदादा: मग ही १९७६ ते ८७ ची वर्षं जास्त पानं खाणार. ८७ ला माईची बदली होऊन ती मिरजेला आली.

मुग्धा: खाऊ देत. लग्नाला दोन पानं, एसटीच्या वर्षांना बारा-चौदा, मग एकत्र आल्यानंतरचं घर. मुंजीचा एकच फोटो, तो म्हणजे ज्यात माई आप्पांच्या उपरण्याची गाठ सोडवतेय आणि दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. २००० नंतरचे हजारो आहेत पण त्यातून सहा-सात पुरे, कारण ते सगळ्यांच्या फोनमध्ये आहेतच.

सुमनआत्या: आणि आमच्या आईचा? ती वहिनीबरोबर शाळेच्या गावात राहिली, सचिनला तिने वाढवलं. ती नसती तर वहिनीची नोकरी सुटली असती.

मुग्धा: आत्या, तो घ्यायचाच. आजी पडवीत दादाला मांडीवर घेऊन बसलीय तो. त्यात माई नाही, आप्पा नाहीत, तरी तो या दोघांच्याच गोष्टीतला आहे. खाली एक ओळ तुम्ही सांगा, आम्हाला कोणाला ते दिवस माहीत नाहीत.

प्राजक्ता वहिनी: सगळ्या नातेवाइकांचा एक ग्रुप फोटो नको का, लोक नाराज होतील

मुग्धा: ते अल्बमात नको वहिनी, ते बॉक्समध्ये. अल्बमबरोबर आपण खोका करतोय ना, त्यात एका पाकिटात ग्रुप फोटो सुटे ठेवू, ज्याला हवा त्याने हातात घेऊन बघावा. खोक्यात खरं तर कागद जास्त महत्त्वाचे. ट्रंकेत अजून काय आहे दादा?

सचिनदादा: माईची ८७ ची बदलीची ऑर्डर. एसटीची जुनी पातळ तिकिटं, भोकं पाडलेली. आणि इनलँड पत्रांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. ऑर्डर घडीवर फाटत आलीय, उद्या लॅमिनेट करून आणतो.

मुग्धा: नको नको, लॅमिनेशन अजिबात नको! गरम प्लॅस्टिक एकदा कागदाला चिकटलं की परत निघत नाही, आणि फाटलेल्यावर सेलोटेपपण नको, ती काही वर्षांनी पिवळी होते आणि डाग कागदात उतरतो. ऑर्डर उलगडून जाड कोऱ्या कागदाच्या दोन घड्यांमध्ये सपाट ठेव, बस. अल्बमात तिचं स्कॅन जाईल, पूर्ण पानभर. मला विचारशील तर ११ वर्षं लांब राहिल्यावर तो कागद म्हणजेच त्यांच्या दुसऱ्या लग्नाची पत्रिका आहे.

अमोल: पत्रं वाचू का? त्यातल्या ओळी फोटोंखाली टाकल्या तर मस्त होईल

सुमनआत्या: नाही हां अमोल. नवराबायकोची पत्रं आहेत ती. सुतळी सोडायची नाही.

मुग्धा: आत्यांशी सहमत. गठ्ठा आहे तसा खोक्यात. त्यांना वाटलं तर ते उघडतील. वरचं एक पत्र, पत्ता आणि पोस्टाचा शिक्का दिसतोय तेवढं बाहेरून स्कॅन करू, आप्पांचं अक्षर तेवढ्यात येतं.

सचिनदादा: ८० नंतरचे रंगीत फोटो सगळे लाल झालेत. ब्लॅक अँड व्हाइट करून टाकू का? आणि ते चिकट पानांच्या अल्बमात आहेत, निघत नाहीत.

मुग्धा: लाल दिसतात कारण त्यातला निळसर रंग आधी उडालाय, गेलेला नसतो पूर्ण, स्कॅन करून बराच परत आणता येतो, माईच्या त्या हिरव्या साडीसाठी तरी करूया. काढताना ओढू नकोस. दाताला वापरतात तो फ्लॉसचा दोरा फोटोच्या कोपऱ्याखालून सरकवत करवतीसारखा हळू हलव. कोपरा वाकायला लागला की तिथेच थांब, मी आख्खं पान तसंच स्कॅन करेन.

अमोल: माझ्याकडचे नवे फोटो इथे टाकतो

मुग्धा: इथे बघायला टाक, पण छापायचे डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो लहान करतं, फोनवर कळत नाही पण पानभर छापला की चेहरे फुटतात.

प्राजक्ता वहिनी: नावं-तारखा फोटोंच्या मागे लिहून ठेवू का आत्ताच?

मुग्धा: मऊ पेन्सिलने, अगदी काठाला, दाब न देता. पेन्सिल उमटली नाही तर फोटोवर नको, पाकिटावर लिही. ज्याची तारीख नक्की नाही तिथे वर्ष लिहू नका, आत्यांना विचारा, नाहीतर नंतर सगळे तेच खरं धरतात.

सुमनआत्या: रविवारी मी येते मिरजेला. आप्पांना डॉक्टरकडे न्यायच्या निमित्ताने सचिन त्यांना बाहेर काढेल, वहिनी पण बरोबर जाईल, तेवढ्यात प्राजक्ता आणि मी बसतो.

सचिनदादा: चालेल. निगेटिव्ह मुग्धाला कुरिअर करू?

मुग्धा: कुरिअरने नको रे दादा, त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोयस ना, कडक पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये घालून हातातच आण. ७९ चं पाकीट सगळ्यात वर ठेव.