मदत हवी आहे: चार भाषांची टीम, दुभाषी मात्र एकच

पांढरकवड्याकडे गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणाची आमची टीम आहे. घरी कोणी कोलामी बोलतं, कोणी बंजारा, कोणी तेलुगू. बैठक मराठीत, मोबाइलवरचा फॉर्म इंग्रजीत. "समजलं का?" विचारलं की सगळे "हो जी" म्हणतात. मग फवारणीची पातळी, म्हणजे एका सापळ्यात सलग 3 रात्री रोज 8 पतंग, ही कोणी शेतातल्या सगळ्या सापळ्यांची बेरीज समजतं. म्हणून आता भरलेला सापळा हाती देऊन नोंद करायला लावतो. चूक तिथंच दिसते.

खरं अडतं ते कोलामीपाशी. तिघींचं लांबलचक बोलणं दुभाषी भाऊ एका वाक्यात गुंडाळतात. दर दोन वाक्यांनी थांबायचं ठरवावं, की आधीच व्हॉइस नोट घ्यावी? भाऊही दुखावायला नकोत.