चार वेळा म्हणजे नेमकं कशाच्या चार वेळा?

"मुलगा आठ वर्षांचा. यंदा चौथ्यांदा टॉन्सिल सुजलेत, गेल्या वर्षी दोनदा. काढूनच टाकावेत का?"

ताई, एवढ्यावर कान-नाक-घशाचे डॉक्टर सहसा थांबायलाच सांगतात. काढण्याचा साधारण हिशोब असा: एका वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी 5, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी 3. तुमचे 4 आणि 2 यात बसत नाहीत. त्यातही नुसती सर्दी-खोकल्याची घसादुखी मोजायची नाही. 101 च्या वर ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, असं काही हवं. म्हणून शाळेच्या जुन्या वहीत तारीख, ताप आणि डॉक्टरांनी काय पाहिलं ते लिहा. कोल्हापुरात दवाखाने बदलत राहतो आपण, मग ही वहीच कामाला येते. झोपेत घोरून श्वास अडकत असेल तर मात्र हिशोब वेगळा, मुलाला लगेच डॉक्टरांना दाखवा.

घरी पातळ ताक, पेज, गार पाणी, दर दहा मिनिटांनी दोन-दोन घोट. आइस्क्रीमही चालतं, आजी रागावल्या तरी. तांबडा रस्सा बरं होईपर्यंत बंद. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे दिलं की अर्ध्या तासानं गिळणं सोपं होतं, तेव्हा पाजा. अँटिबायोटिक दिलं असेल तर ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका.

लाळ गळतेय, तोंड उघडत नाही, श्वास घ्यायला त्रास होतोय किंवा आठ तासांत लघवीच नाही, तर रात्रीच दवाखाना गाठा.