हळदीकुंकवाचे वाण : अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांबाबत

अ-२०३ : सर्वांना नमस्कार. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी वाण म्हणून परफ्यूमच्या रिकाम्या बाटल्यांपासून सुगंधी काड्यांचे डिफ्यूझर करायचे असे गेल्या बैठकीत ठरले होते. त्यासाठी सुरक्षा रक्षकांच्या खोलीत ठेवलेल्या खोक्यात कालपर्यंत ४० बाटल्या जमल्या आहेत. मात्र नमुना म्हणून मी तयार केलेली बाटली पूर्णपणे फसली. ती गरम पाण्याने तीन वेळा धुतली तरी जुन्या सुगंधाचा वास गेला नाही, आणि खोबरेल तेलात मोगऱ्याचे अत्तर मिसळून काड्या ठेवल्या तर आज सकाळी तेल थिजलेले होते. क-५०१ मधील काकांनी सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात प्रयोगशाळेचे काम पाहिलेले आहे. काका, आपण मार्गदर्शन करावे, ही विनंती.

क-५०१ : ताई, या दोन्ही गोष्टींची कारणे सरळ आहेत. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली उतरतो. तेल पातळ असतानाही काडीतून सावकाशच चढते आणि हवेत जवळजवळ उडत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातही ते या कामाला उपयोगी नाही. वासाचे म्हणाल, तर परफ्यूम म्हणजे मुख्यतः अल्कोहोलमध्ये विरघळवलेली सुगंधी तेले. अल्कोहोल उडून गेले की ही तेले तळाशी आणि भिंतींवर पातळ थराने चिकटून राहतात. ती पाण्यात विरघळत नाहीत. पहिल्यांदा पाणी ओतल्यावर बाटलीत दुधासारखा पांढरा ढग दिसला असेल, तर ती तेलेच बारीक थेंबांच्या रूपाने बाहेर पडत होती असे समजावे.

अ-२०३ : अगदी तसेच झाले होते. साबण कमी पडला असेल असे मला वाटले.

क-५०१ : साबणाचा क्रम नंतर येतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आहेत, तिथे सर्किट पुसण्यासाठी ते ‘आयपीए’ या नावाने मिळते. सर्जिकल स्पिरिट शक्यतो घेऊ नये, कारण त्यात काही वेळा वासाची किंवा तेलकट भर असते आणि तीच मागे राहते. बाटलीत १० मिली आयपीए घालावे, तोंड बंद करून बाटली आडवी-उभी फिरवावी, १५ मिनिटे ठेवून ओतून काढावे आणि मग ५ मिलीने पुन्हा तसेच करावे. एकदाच भरपूर द्रव वापरण्यापेक्षा थोडेथोडे दोनदा वापरल्याने जास्त तेल निघते. एका बाटलीचे दुसरे धुवण पुढच्या बाटलीच्या पहिल्या धुवणीला चालते, म्हणजे खर्चही आटोक्यात राहतो. त्यानंतर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि चमचाभर कच्चे तांदूळ घालून मिनिटभर हलवावे, म्हणजे कोपऱ्यांतला थर घासला जातो. उकळते पाणी मात्र घालू नये. या बाटल्यांचा तळ जाड आणि भिंत पातळ असते, त्यामुळे काच एकाच वेळी सारखी तापत नाही आणि तडकते. शेवटी पुन्हा ५ मिली आयपीए फिरवून बाटली दिवसभर उपडी ठेवावी.

स्वच्छ झाली की नाही हे ओळखण्यासाठी तोंडावर फॉइल लावून रात्रभर ठेवावी आणि सकाळी वास घ्यावा. काच वास शोषून घेत नाही, त्यामुळे वास आलाच तर थर अजून शिल्लक आहे असे समजून पुन्हा धुवावे. पंप आणि त्याची नळी मात्र प्लॅस्टिकची असते, आणि तिच्यात मुरलेला वास काही केल्या जात नाही. डिफ्यूझरला पंप लागतच नाही, तो काढून टाकावा.

ब-३०२ : काका, नेमकी तिथेच अडचण आहे. माझ्या तीन बाटल्यांपैकी एकीचाच पंप फिरवून निघाला. दुसरीचा जोर लावून फिरवला तर गळ्याची काच उडाली.

क-५०१ : जोर लावू नका, बोटे कापतील. आट्यांची बाटली फिरवून उघडते. उरलेल्यांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी काचेच्या ओठाखाली दाबून वळवलेली असते, ती फिरवून कधीच निघत नाही. आधी पंप दाबून उरलेले परफ्यूम गॅलरीत उडवून संपवावे. स्वयंपाकघरात, पेटत्या गॅसजवळ किंवा देवापुढच्या दिव्याजवळ हे अजिबात करू नये, कारण अल्कोहोलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. आयपीएचेही तसेच आहे. मग वरचे शोभेचे कडे ओढून काढावे, बाटली जाड टॉवेलात गुंडाळावी, हातमोजे आणि चष्मा घालावा आणि बारीक कटरने पट्टीच्या खालच्या काठाला एक उभी चीर द्यावी. त्या चिरेपासून नोज प्लायरने पट्टी थोडीथोडी बाहेरच्या बाजूला उलगडत जावे. पूर्ण फेरी झाली की पंप अलगद उचलला जातो. नंतर कापसाचा बोळा ओठावरून फिरवावा. धागा अडकला तर काचेचा टवका गेलेला आहे, आणि अशी बाटली वाणात देऊ नये. कागदात नीट गुंडाळून, वर ‘फुटकी काच’ असे लिहून ती कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंकडे वेगळी द्यावी.

अ-२०३ : मी आत्ताच खाली जाऊन मोजल्या. ९ बाटल्या आट्यांच्या आहेत आणि ३१ पट्टीच्या. तेलाचे प्रमाण काय ठेवावे?

क-५०१ : पट्टीच्या बाटल्यांतील पाच-सहा फुटतील असे धरून ३४ चा हिशेब करू. १०० मिलीच्या बाटलीत ६० मिली भरावे, त्यात सुगंधी तेल विरघळवणारे डायप्रोपिलीन ग्लायकॉल ४५ मिली आणि १५ मिली सुगंधी तेल, म्हणजे तीनास एक. एकूण ग्लायकॉल १ लिटर ५३० मिली आणि सुगंधी तेल ५१० मिली लागेल. ग्लायकॉल मागताना ते परफ्यूमसाठीचे हवे असे सांगावे. काड्या रतनच्या म्हणजे वेताच्या, ३ मिलिमीटर जाडीच्या आणि बाटलीच्या दुप्पट उंचीच्या घ्याव्यात. बांबूच्या काड्या स्वस्त असल्या तरी त्यांच्यातून द्रव नीट चढत नाही. रतनला मात्र आरपार बारीक नळ्या असतात. आपल्या बाटल्यांचा गळा अरुंद आहे, म्हणून चार काड्या पुरेत. एक दिवसाने काडीचे वरचे टोक ओलसर, गडद दिसले पाहिजे. तसे न दिसल्यास मिश्रण फार घट्ट आहे. मी घरच्या वजनकाट्यावर माझी बाटली दर रविवारी ठेवतो, ती आठवड्याला सुमारे ६ ग्रॅमने हलकी होते. काड्याही त्याच दिवशी उलट्या कराव्यात, त्याहून वारंवार नको.

ब-३०२ : आट्यांच्या बाटल्यांत त्याऐवजी पुन्हा परफ्यूमच भरले तर चालेल का?

क-५०१ : स्वतःच्या वापरासाठी, त्याच सुगंधाचे भरले तर चालेल. पंपातून १५-२० वेळा आयपीए उडवून तो मोकळा करून घ्यावा. फवारा तुटक किंवा थेंबाथेंबाने येऊ लागला, तर पंप टाकून द्यावा. सॅनिटायझर, फिनेल किंवा झुरळांचे औषध मात्र या बाटल्यांत कधीही भरू नये. घरातले कोणीतरी सवयीने ती बाटली मानेवर फवारील.

ब-१०४ : आमच्याकडे मांजर आणि दीड वर्षाचे बाळ आहे. आम्ही हे वाण ठेवावे का?

क-५०१ : निलगिरी, टी-ट्री आणि लिंबूवर्गीय तेले मांजरांना विषारी ठरू शकतात, आणि निलगिरी किंवा कापराचे तेल बाळाच्या पोटात थोडेसे गेले तरी धोका असतो. तुमच्यासाठी मी कोरडी, धुतलेली बाटली वेगळी काढून ठेवतो, तिच्यात निशिगंधाची एक काडी छान दिसेल. इतरांनीही डिफ्यूझर बशीत ठेवावा, कारण हे मिश्रण सांडले तर लाकडाचे पॉलिश निघते.

अ-२०३ : ठीक आहे. सर्व वाणांसाठी मोगरा किंवा खस हेच सुगंध घेऊ, आणि प्रत्येक बाटलीवर ‘पिऊ नये, ज्योतीपासून व मुलांपासून दूर ठेवावे’ अशी चिठ्ठी लावू. पट्ट्या काढण्याचे काम रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर होईल. ज्यांच्याकडे कटर आणि नोज प्लायर आहेत, त्यांनी ते कृपया सोबत आणावेत.